मुक्कामी गाडीचं बायबल

अ‍ॅनिमेशन मालिका एकटा माणूस लिहीत नाही. ११ मिनिटांचा एक भाग, असे ५२ भाग, हा लहान मुलांच्या मालिकांचा सरसकट चालणारा हिशेब. दोन भाग जोडले आणि मध्ये जाहिराती घातल्या की अर्ध्या तासाची वेळ भरते. एवढे भाग पाच-सहा लेखक वाटून घेतात. सगळ्यांच्या लिखाणातली गाडी तीच राहावी म्हणून आधी एक दस्तऐवज तयार होतो आणि या धंद्यात सगळे त्याला ‘बायबल’च म्हणतात. त्यात चित्रं असतात, कथांच्या कल्पना असतात, बजेटची गणितंही असतात. या लेखात त्यातलं एकच पान घेतलं आहे: जगाचे नियम आणि कायमची पात्रं. नमुन्यासाठी गावाकडच्या बसची एक मालिका रचली आहे. गावं आणि माणसं काल्पनिक आहेत, गाडीच्या रीतीभाती मात्र खऱ्या.

आधी गाडी कुठली ते ठरवा

‘गावातली एक गोड बस’ एवढ्यावर मालिका उभी राहत नाही. ती सकाळी कुठून सुटते, रात्री कुठे झोपते, तिच्यानंतर दुसरी गाडी आहे का, हे ठरलं की गोष्टी आपोआप सुचू लागतात. म्हणून आपली गाडी मुक्कामी आहे. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रस्ता संपतो त्या गावात रात्र काढते आणि पहाटे तिथूनच परत फिरते. ड्रायव्हर-कंडक्टरही गावातच झोपतात, कधी गाडीत, कधी देवळाच्या ओवरीवर. गावातल्या कुणाच्या तरी घरून त्यांना भाकरी येते. शहरातल्या बसला हे सुख नाही. तिचे प्रवासी रोज बदलतात. मुक्कामी गाडीला रोज तीच माणसं भेटतात, आणि कायमची पात्रं हवी असतील तर याहून सोयीचं काय असणार?

आपल्या गाडीचं नाव मुक्ताक्का. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचं उंबरघाट हे तिचं मुक्कामाचं गाव, आणि देवपेठ हा तालुका. अंतर ३२ किलोमीटर. सकाळी सहाला सुटली की साडेसातला देवपेठच्या स्टँडवर. संध्याकाळी साडेपाचला तिथून निघाली की सातला परत उंबरघाटात. वाटेत चार थांबे: देऊळवाडी, वडाचा फाटा, ओढ्याचा पूल, बाजारवाडी. दोन्ही टोकं धरून सहा जागा झाल्या. याहून जास्त काढायच्या नाहीत. प्रत्येक जागेची पार्श्वभूमी पहाट, संध्याकाळ आणि पावसाळा अशी तीनदा रंगवावी लागते. सहाच्या अठरा होतात आणि चित्रकारांच्या टीमला तेवढ्यावरच घाम फुटतो. थांब्यांचा क्रम सगळ्या भागांत तोच ठेवायचा. पाच वर्षांचं पोरही तो तिसऱ्या भागापर्यंत पाठ करतं आणि त्यानंतर चूक झाली की तेच पकडतं.

बोलत्या वाहनांच्या गोष्टींत हे आधी घडून गेलंय. थॉमस या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे इंग्रज पाद्री विल्बर्ट ऑड्री यांचं पहिलं पुस्तक १९४५ साली आलं. गोष्टी वाढत गेल्या तशी बालवाचकांची पत्रं येऊ लागली. या चित्रात रूळ असे, त्या चित्रात तसे का? शेवटी ऑड्रींनी भावाच्या मदतीने सोडोर नावाच्या अख्ख्या बेटाचा भूगोल आणि इतिहास बसवला, आणि त्याचं वेगळं पुस्तकही पुढे १९८७ मध्ये निघालं. त्यांच्या इंजिनांना तोंड होतं, राग-लोभ होते, पण ती रूळ सोडून चालत नसत, आणि खऱ्या रेल्वेवर घडू शकणार नाही असा प्रसंग ऑड्रींना चालत नसे. आपण नकाशा पहिल्याच दिवशी काढतो, तो हा त्रास वाचावा म्हणून.

जगाचे नियम

हे पान लिहिताना नवशिका लेखक गाडीला काय-काय येतं याची यादी करतो. उपयोग होतो तो तिला काय येत नाही याचा. अडचण आली आणि गाडी उडाली, तर गोष्ट तिथेच संपते.

पहिला नियम: मुक्ताक्का स्वतःहून हलत नाही. ड्रायव्हर बसल्याशिवाय चाक फिरत नाही. उतारावरसुद्धा नाही, स्वप्नातसुद्धा नाही.

दुसरा नियम: ती फक्त उभी असताना बोलते. धावताना तिच्याकडे हॉर्न, वायपर आणि डोळे एवढंच असतं. मालिकेच्या तालासाठी हा सगळ्यात कामाचा नियम आहे. मुलांना अडचण पडली तर तिला विचारायला पुढच्या थांब्याची वाट पाहावी लागते, आणि दोन थांब्यांच्या मध्ये डोकं त्यांनाच चालवावं लागतं. त्यात धावत्या गाडीचे ओठ शब्दांबरोबर हलवायचं कामही वाचतं, हे निर्माता लगेच हेरतो.

तिसरा नियम: तिचं बोलणं ऐकू येतं ते मुलांच्या अर्ध्या तिकिटाच्या वयात. एसटीत ५ वर्षं पूर्ण ते १२ वर्षांखाली अर्धं तिकीट लागतं, तोच पट्टा. पाचच्या आतलं मांडीवरचं पोर तिच्याकडे बघून हसतं, शब्द कळत नाहीत. बारावा वाढदिवस झाला की आवाज बंद. इथे शब्द जपून वापरायला हवेत. नुसतं ‘अर्ध्या तिकिटावर बसणाऱ्यांना ऐकू येतं’ असं लिहिलं तर घोटाळा होईल, कारण मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. म्हणजे बाजाराला निघालेल्या सगळ्या मावश्या गाडीशी गप्पा मारू लागतील! कल्पना वाईट नाही, पण ती दुसरी मालिका झाली. म्हणून नियम वयाचा आहे. तिकिटाचा नाही.

चौथा नियम: तिला रस्त्यापलीकडचं काही माहीत नाही. तिच्या आत जे घडतं आणि थांब्यावरून जे दिसतं, तेवढंच तिचं ज्ञान. तिने घर आतून कधी पाहिलेलं नाही. प्रवाशांच्या बोलण्यावरून ती अंदाज बांधते, त्यामुळे परीक्षा हा एक अवघड घाट आहे अशी तिची पक्की समजूत आहे. मुलं रोज परीक्षेची भीती बोलून दाखवतात, आणि तिला भीती वाटते ती घाटाची. हशा पिकवायला वेगळे विनोद लिहावे लागत नाहीत. तिच्या या अर्धवट ज्ञानातून तो निघतो.

पाचवा नियम घंटीचा. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ५२ भागांत एकदाही हे उलटं व्हायचं नाही.

सहावा: मोबाईलला रेंज फक्त देवपेठला आणि उंबरघाटच्या देवळाच्या पायरीवर. हे लिहून ठेवलं नाही तर दर दुसऱ्या गोष्टीत कुणीतरी फोन करून प्रश्न सोडवून टाकतो. घाटातून प्रवास केलेल्या कुणालाही हा नियम खोटा वाटणार नाही.

सातव्याला ड्रायव्हर-कंडक्टर ‘शेवटच्या गाडीचा नियम’ म्हणतात. मुक्ताक्कानंतर या रस्त्यावर रात्री दुसरी गाडी नाही, म्हणून रस्त्यावर कुणी राहिलं तर ती सुटत नाही. उशीर झाला तरी चालेल. मालिकेत दुष्ट माणूस एकही नाही, त्याची गरजच पडत नाही. चिखल, सुट्टे पैसे, पुलावर बसलेली म्हैस आणि घड्याळ एवढे शत्रू पुरतात. म्हैस बोलत नाही, कुठलंच जनावर बोलत नाही. एकाला वाचा दिली की बाकीच्यांनी काय घोडं मारलं?

शेवटी मनाईची एक ओळ: दारात लोंबकळणारं, खिडकीतून हात बाहेर काढणारं, धावती गाडी पकडणारं मूल दाखवायचं नाही, विनोदासाठीही नाही. चार वर्षांचं मूल शिकवणीतलं वाक्य विसरतं आणि पाहिलेली उडी लक्षात ठेवतं.

डोळे कुठे काढायचे

हा प्रश्न चित्रकाराचा वाटतो, पण तो नियमांच्याच पानावर सुटायला हवा. पिक्सारच्या ‘कार्स’मध्ये (२००६) गाड्यांचे डोळे पुढच्या काचेत आहेत. तिथे ते जमतं, कारण त्या जगात माणसंच नाहीत. आपल्या गाडीत काचेमागे ड्रायव्हर बसतो आणि पहिल्या नियमाने तो दिसलाच पाहिजे. म्हणून डोळे हेडलाइटचे, तोंड बंपरच्या वर. काचेखालची मार्गाची पाटी कंडक्टर हाताने बदलतो. पाटीवरचा मजकूर जादूने बदलत नाही, आणि पाटीवर लिहिलेलं नेहमी खरं असतं. वाचायला नुकतंच शिकलेलं मूल ती पाटी वाचतं.

डोळे हेडलाइटचे ठरले की संध्याकाळची अडचण उभी राहते. दिवे लागले की बुबुळं उजेडात विरून जातात आणि गाडी आंधळी किंवा भुतासारखी दिसू लागते. उपाय सोपा आहे. बुबुळ नेहमी गडद ठेवायचं, आणि उजेडाचं वलय त्याच्याभोवती काढायचं. रंगाचंही तसंच. लाल गाडी लाल मातीच्या रस्त्यावर हरवते, म्हणून मातीला जांभळट तपकिरी छटा द्यायची आणि गाडीचा लाल दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. गंगूआजीच्या लुगड्यालाही नाही. संवादात ‘यष्टी’ म्हणायला हरकत नाही, पण गाडीच्या अंगावर खऱ्या महामंडळाचं बोधचिन्ह काढायचं नाही. त्याला परवानगी लागते.

गाडीतली माणसं

पात्रांच्या पानावर बहुतेक जण स्वभावाची विशेषणं ओततात: ‘खोडकर, हुशार, प्रेमळ’. असं पोर कुठल्याही मालिकेत बसेल. गाडीच्या मालिकेत माणूस कुठल्या सीटवर बसतो ते विचारावं.

चिमी, वय ६, पहिलीत. मागच्या चाकावरच्या उंच सीटवर बसते, कारण तिथून पाय दुमडून बाहेरचं दिसतं. तिला सगळ्याचं ‘का’ हवं असतं. गाडीला ती ‘अक्का’ म्हणते.

इरफान, वय साडेअकरा. त्याच्या वडिलांचं वडाच्या फाट्यावर सायकल पंक्चरचं दुकान आहे. शेवटच्या बाकाचा राजा. खड्डा आला की तिथेच सगळ्यात उंच उडायला होतं. कुठला खड्डा कितवा, हे त्याला तोंडपाठ. लहान मुलांना गाडीचं बोलणं समजावतो तोच. तो बाराचा व्हायला सहा महिने उरलेत, हे लेखकांनी कायम ध्यानात ठेवायचं आणि पात्रांनी फार बोलायचं नाही. त्याच्या वाढदिवसाचा भाग एकच, पहिल्या हंगामाच्या शेवटी. तो मधेच कुणी लिहून टाकायचा नाही.

दौलतमामा ड्रायव्हर. मुक्ताक्काचे शब्द त्यांना ऐकू येत नाहीत, पण इंजिनाचा सूर कळतो. ती खोटं बोलली तर मुलांच्या आधी त्यांना समजतं. अख्ख्या भागात त्यांना पाचपेक्षा जास्त वाक्यं द्यायची नाहीत.

बापूकाका कंडक्टर. दाराजवळची सीट त्यांची, पण ते तिच्यावर कधी टेकलेले दिसत नाहीत. तिकीट आता मशीनमधून निघतं, तरी जुना तिकीट चिमटा त्यांनी ठेवलाय आणि सवयीने तो दांड्यावर टकटकवत ते गाडीभर फिरतात. सुट्टे नसले की उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देतात. हे खरोखर होतं, आणि त्यातून किती गोष्टी निघतात! तिकीट हरवलं, भिजलं, बोकडाने खाल्लं. बापूकाकांना विदूषक करायचं नाही. ते हिशेबाला पक्के आहेत आणि देणं विसरत नाहीत. गंमत त्यांच्या पक्केपणाची.

गंगूआजी, वय ७६. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली. त्या दिवसापासून आजी देवपेठला कारण नसतानाही जातात. पायाशी पोतं, पोत्यात रोज वेगळं काहीतरी. गाडीचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, पण त्या गाडीशी बोलतात आणि त्यांचं वाक्य मुक्ताक्काच्या बोलण्याला नेमकं उत्तर ठरतं. मुक्ताक्का म्हणते, “माझं चाक दुखतंय.” आजी गुडघा चोळत म्हणतात, “तेल लाव बाई, तेल.” हा प्रकार भागात एकदाच. दोनदा झाला की आजीला ऐकू येतं असं मुलांना वाटू लागतं आणि तिसरा नियम गेला. आजी आपल्या बोलीत बोलतात. ती बोली कानाला गोड लागावी, तिला हसायचं कारण बनवू नये.

शैलाताई वाहतूक नियंत्रक. फक्त स्टँडच्या कर्ण्यातला आवाज. चेहरा कधी दाखवायचा नाही. मुलांमध्ये त्यावरून पैजा लागतात, आणि एक मॉडेलही वाचतं.

एक भाग उलगडून: ‘डबा’

नियम कामाला येतात की नाही हे एखादी गोष्ट त्यांच्यातून काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. खेड्यातून तालुक्याला शिकायला राहिलेल्या मुलांचे डबे एसटीने जातात. आई सकाळी डबा गाडीत ठेवते, मुलगा स्टँडवर घेतो. ते इथे घेऊ.

उंबरघाट. चिमीची आई तिच्या दादाचा डबा कापडी पिशवीत घालून दौलतमामांच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवते. पिशवीला नावाची चिठ्ठी. देऊळवाडीला दुसरा डबा चढतो, तसलाच स्टीलचा, तसलीच पिशवी. दीड मिनिट झालं. पुढच्या खड्ड्यात गाडी आदळते आणि दोन्ही चिठ्ठ्या खिडकीतून बाहेर. आता कुठला कुणाचा?

इथे पाहणारं प्रत्येक मूल ओरडणार: झाकण उघडा की! म्हणून त्याच क्षणी बापूकाकांचं वाक्य हवं: “दुसऱ्याचा डबा आपण उघडत नाही, चिमे.” फोन सहाव्या नियमाने बाद. वडाच्या फाट्यावर गाडी थांबते. चिमी विचारते, “अक्का, दादाचा डबा कुठला?” मुक्ताक्काला स्वयंपाकघर माहीत नाही. तिला जे कळलंय ते ती सांगते: “तुमच्या घरचा डबा वळणावर गातो. दुसरा गात नाही.” दोन टोले. गाडी सुटली, बोलणं बंद.

मधली चार मिनिटं या एका वाक्यावर चालतात. चिमीला वाटतं डब्यात पक्षी असेल. ती डब्याला गाणं म्हणून दाखवते, म्हणजे तो उत्तर देईल. इरफान शेवटच्या बाकावरून पुढे येतो आणि विचारतो, “आईनं काय केलं होतं गं?” आमटी! पातळ पदार्थ वळणावर डुचमळतो. दुसऱ्या डब्यात कोरडं काहीतरी असणार. ओढ्याच्या पुलानंतर दोन मोठी वळणं आहेत, तीच शेवटची संधी. पण गाडीत गोंगाट केवढा! चिमी एकेकाला गप्प करत जाते. बापूकाका चिमटा खिशात घालतात. आजी पोत्यातल्या कोंबडीवर पदर टाकतात. दौलतमामा वळण नेहमीपेक्षा सावकाश घेतात, न सांगता. खळ्ळ. डावीकडचा.

देवपेठला दादा डबा घेतो. डब्यात खरंच पक्षी आहे का, हे चिमी त्याला उघडून बघायला लावते.

ही गोष्ट नियमांनी कशी धरली ते पाहा. गाडी धावताना बोलली असती तर दुसऱ्या मिनिटाला सगळं संपलं असतं. तिला आमटी म्हणजे काय हे ठाऊक असतं तर कोडंच उरलं नसतं. थांबे एका क्रमाने नसते तर ‘शेवटची दोन वळणं’ या शब्दांना धार आली नसती. आणि उत्तर चिमीने शोधलं. गाडीने फक्त अर्धी माहिती दिली.

कुठे बिघडतं

बिघाड सहसा विसाव्या भागाच्या आसपास सुरू होतो, लेखकांना नियमांचा कंटाळा आला की. पहिली खूण म्हणजे ‘आजच्या भागापुरतं’ हे शब्द. आजच्या भागापुरती मुक्ताक्का मुंबईला जाते, आजच्या भागापुरतं दौलतमामांना ऐकू येतं. असं एकदा झालं की मूल पुढच्या भागात विचारतं, मग आज का नाही येत? दुसरी खूण अशी की गाडी उपदेश करू लागते. तिला रस्त्यापलीकडचं माहीत नाही, तर स्वच्छतेवर व्याख्यान ती कुठून देणार? चौथा नियम तिथे आपोआप लगाम लावतो, फक्त तो वाचायला हवा. तिसरी खूण पाहुण्या पात्रांची: दर भागात नवा चेहरा येतो आणि आजी-बापू मागच्या सीटवर पुतळ्यासारखे बसून राहतात. पाहुणा तीन भागांत एकापेक्षा जास्त नको, आणि त्याने तिकीट काढलंच पाहिजे.

पान तयार झालं की ते मालिकेशी संबंध नसलेल्या लेखकाला द्यावं आणि एकेका ओळीच्या पाच कल्पना मागाव्यात. ‘मुक्ताक्का चिखलात रुतते’ ही कल्पना ट्रॅक्टरच्या मालिकेतही चालेल, म्हणून ती बाद. ‘बापूकाका तीन रुपये देणं लागतात आणि ते तिकीट आजीने देवाला वाहिलंय’ ही याच गाडीतली आहे. पाचांत अशा तीन आल्या नाहीत तर पात्रांचं पान परत लिहायला घ्यावं, आणि सुरुवात बापूकाकांपासून करावी. बहुतेक वेळा कंडक्टरच अर्धवट सुटलेला असतो.